नव्या सोफ्याच्या नोंदी: सांगाडा, फोम आणि कापड

24 मार्च 2024, मुलुंड

सात वर्षे वापरलेला तीन आसनी सोफा आज टाकून देण्याआधी मी पूर्ण उघडला. वरचे आवरण सोलपटत आहे, मधली गादी खचली आहे आणि बसताना पुढची बाजू करकरते, एवढे घरातल्या सर्वांनाच दिसत होते. या तीन तक्रारींची कारणे आत कुठे आहेत हे पाहिल्याशिवाय नवा सोफा घ्यायचा नाही, असे मी ठरवले होते.

तळाचे काळे कापड फाडल्यावर पहिला उलगडा झाला. विकताना हा सोफा संपूर्ण सागवानी असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात सागवान फक्त बाहेर दिसणाऱ्या चार पायांना होते. आतला सांगाडा पॅकिंगच्या खोक्यांतून निघालेल्या पाइनच्या पट्ट्यांचा होता, कारण त्यांवर आधीच्या खिळ्यांची भोके आणि एका ठिकाणी अर्धवट छापील अक्षरे होती. सांध्यांना डिंक नव्हता. दोन पट्ट्या एकमेकींना टेकवून बाजूने पिना मारल्या होत्या. पुढची लांब पट्टी मधोमध, बरोबर एका गाठीवर तडकली होती आणि करकर तिथूनच येत होती. सहा फुटांहून लांब असलेल्या या पट्टीला मध्ये पाय नव्हता, म्हणजे बसणाऱ्याचा भार दोन टोकांमध्ये लोंबकळत राहत होता.

मागच्या एका पट्टीखाली मैद्यासारखी बारीक पूड सापडली आणि लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसली. ही वाळवी नव्हे. वाळवी मातीच्या नळ्या करून जमिनीकडून येते आणि लाकूड आतून पोखरत जाते. ही पूड लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीची आहे. ती बहुधा लाकडाबरोबरच घरात आलेली असते आणि लाकडाच्या कच्च्या, फिकट भागावर जगते.

31 मार्च 2024

आज फोमचा हिशेब केला. विक्रेता ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतो तेव्हा एक घनमीटर फोमचे वजन चाळीस किलो आहे, असे तो सांगत असतो. त्यामुळे हा दावा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तपासता येतो. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ठोकळा म्हणजे एक लिटर, आणि अशा ठोकळ्याचे ग्रॅममधले वजन हाच डेन्सिटीचा आकडा असतो. चाळीसच्या फोमचा ठोकळा चाळीस ग्रॅम भरला पाहिजे.

जुना फोम दबलेला असल्यामुळे त्याचा ठोकळा कापून उपयोग नव्हता, कारण दबलेल्या फोमची घनता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून मी पूर्ण गादी वजन केली आणि माप मात्र मूळ आवरणाच्या शिवणीवरून घेतले. छप्पन्न गुणिले छप्पन्न गुणिले साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 39.2 लिटर. वजन भरले 905 ग्रॅम. डेन्सिटी निघाली 23. बिलावर फक्त ‘फोम’ एवढाच शब्द आहे. तोंडी आकडा चाळीस होता. मधल्या गादीची जाडी आता साडेनऊ सेंटिमीटर उरली आहे.

डेन्सिटी आणि कडकपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे घरी समजावून सांगताना मला बराच वेळ लागला. डेन्सिटी म्हणजे फोममध्ये माल किती आहे, आणि म्हणून तो किती वर्षे आकार धरून राहील. कडकपणा म्हणजे तो आज हाताला किती लागतो. कमी डेन्सिटीचा फोम कडकही बनवता येतो. दुकानात तो दणकट वाटतो आणि वर्षा-दोन वर्षांत बसतो. उलट चाळीसचा फोम मऊही मिळतो. त्यामुळे दुकानात तळहाताने दाबून पाहण्याने टिकाऊपणाबद्दल काहीही कळत नाही.

6 एप्रिल 2024, कुर्ला

सीएसटी रोडवर सकाळपासून दुपारपर्यंत सात दुकाने पाहिली. प्रत्येक ठिकाणी मी एकच विनंती केली: गादीची चेन उघडून फोम दाखवा आणि सोफा उलटा करून तळ दाखवा. चार दुकानांनी दोन्ही नाकारले. दोघांनी फोम दाखवला, तळ नाही. एकाने मात्र कारागिराला हाक मारून सोफा आडवा केला आणि मला कारखान्यात यायला सांगितले. तयार मालापेक्षा कापड न चढवलेला सांगाडा पाहावा, हे त्यांचेच म्हणणे होते. हे गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचे आहेत आणि त्यांचे वडीलही सुतारकाम करीत.

“साहेब, पॉलिश केलेला पाय सगळे हात फिरवून बघतात,” ते म्हणाले. “आतली पट्टी कुणी बघत नाही, आणि भार तर तिच्यावर असतो.”

9 एप्रिल 2024

पाडवा. खरेदीचा आग्रह घरातून होताच, पण सुटीचा मुहूर्त साधण्यासाठी तयार माल उचलला असता तर आत काय आहे हे पुन्हा सात वर्षांनीच कळले असते. आज काही घेतले नाही.

13 एप्रिल 2024, तुर्भे आणि विक्रोळी

मोठ्या कंपन्यांचे पर्याय आज पाहिले. तुर्भ्याच्या आयकियामध्ये मला सर्वांत उपयोगी वाटली ती तिथली माहिती देण्याची पद्धत. सोफ्याच्या माहितीत बैठकीच्या फोमची घनता किलो प्रति घनमीटरमध्ये दिलेली असते, सांगाड्यात भरीव लाकूड, प्लायवूड, पार्टिकल बोर्ड यांपैकी काय आहे ते लिहिलेले असते आणि आवरणाचे कापड घर्षणाची किती आवर्तने सहन करते तोही आकडा असतो. तिथल्या अनेक सोफ्यांना दहा वर्षांची हमी आहे आणि ती सांगाडा व बैठकीच्या गाद्यांना लागू होते, आवरणाला नाही. हा भेद मला योग्य वाटतो, कारण कापड झिजणारच आणि तिथे ते वेगळे विकत मिळते. सांगाड्यातले पार्टिकल बोर्ड मला कमी पसंत आहे. कोरड्या दिवाणखान्यात ते काम देते, पण भिंतीला ओल येणाऱ्या घरात त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रूची पकड सुटते.

विक्रोळीची गोदरेज इंटेरिओ आणि चामड्याच्या सोफ्यांसाठी ओळखली जाणारी ड्यूरियन ही मुंबईतली जुनी नावे आहेत. ज्याला कारखान्यापर्यंत जाणे शक्य नाही त्याने अशा निर्मात्यांकडे जावे, असे माझे मत झाले आहे. मात्र तिथेही सांगाडा, फोम आणि आवरण यांचा तपशील मॉडेलनुसार लेखी मागावा, कारण एकाच नावाखाली स्वस्त आणि महाग मॉडेलांची घडण सारखी नसते. विश्वासू निर्माता ओळखण्याची माझी कसोटी आता एवढीच आहे की, तोंडी सांगितलेला आकडा तो बिलावर लिहून देतो का.

आमची अडचण बाबांच्या गुडघ्याची आहे. मला आवडलेल्या बैठका त्यांच्या उंचीला खोल पडतात. पाठ टेकवली की पाय अधांतरी राहतात आणि उठताना हाताने जोर द्यावा लागतो. त्यांना एकोणीस इंच उंचीची आणि एकवीस इंच खोलीची बैठक सोयीची आहे. हे माप हवे असल्याने सोफा बनवूनच घ्यावा लागणार.

20 एप्रिल 2024

आवरणाचा विचार मी सगळ्यांत शेवटी करणार होतो, पण जुन्या सोफ्याने मला सर्वांत जास्त मनस्ताप त्याच बाबतीत दिला आहे, म्हणून ही नोंद सविस्तर करतो.

जुने आवरण ‘लेदरेट’ या नावाने घेतले होते. चौथ्या पावसाळ्यानंतर डोके टेकते त्या जागी बारीक भेगा आल्या, पुढच्या वर्षी पापुद्रे सुटू लागले आणि नंतर तर कपड्यांना तपकिरी कपचे चिकटू लागले. गंमत नव्हे, खरोखर चादर अंथरून झाकलेला भागही तितकाच सोलपटला होता. म्हणजे दोष वापराचा नव्हता.

हे कापड म्हणजे विणलेल्या किंवा जाळीदार पाठीवर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. त्यातला स्वस्त प्रकार पॉलिएस्टरवर आधारित असतो, आणि हवेतल्या बाष्पामुळे त्याच्या रेणूंमधले एस्टर बंध हळूहळू तुटतात. उष्णता आणि बाष्प एकत्र आले की ही क्रिया वेगाने होते. घाम आणि केसांचे तेल तिला हातभार लावतात. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते आणि इतर महिन्यांतही ती फारशी कोरडी नसते. थर एकदा कमजोर झाला की कोणतेही पॉलिश किंवा क्रीम त्याला वाचवत नाही. पॉलिकार्बोनेटवर आधारित थर बाष्पाला पुष्कळ जास्त टिकतो, पण दुकानात मी विचारले तेव्हा एकालाही आपला माल कशावर आधारित आहे हे सांगता आले नाही.

आजीकडचे रेक्झिन वीस वर्षे टिकले, ते का, असा प्रश्न आईने विचारला. ते पीव्हीसीचे होते. पीव्हीसी बाष्पाने असे तुटत नाही. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य मात्र हळूहळू निघून जाते आणि ते कडक होऊन दुमडीवर चिरते. उन्हाळ्यात ते अंगाला चिकटतेही, म्हणून बाबांना ते नको आहे.

विणलेल्या कापडाचे तीन नमुने आज दादरच्या दुकानातून आणले. सुती-लिननचे मिश्रण दिसायला सर्वांत सुंदर होते, पण सुती धागा हवेतले बाष्प भरपूर धरतो आणि पॉलिएस्टर जवळजवळ धरतच नाही. आमच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला श्रावणात बुरशी येते हे लक्षात घेता तो मोह सोडला. दुसरा नमुना शेनीलचा होता. त्याच्या शिवणीच्या दोन बाजू हातांनी ओढल्या तेव्हा धागे टाक्यांपासून सरकून फट पडली. घर्षणाचा आकडा चांगला असूनही विणलेले कापड शिवणीवर असे उसवू शकते, म्हणून दुकानदाराला दोन तुकडे जोडून शिवून मागावेत आणि जोराने ओढून पाहावेत.

तिसरे घट्ट विणीचे, पाठीला लेटेक्सचा पातळ लेप असलेले पॉलिएस्टर होते. पट्टीवर मार्टिंडेल चाचणीची 30 हजार आवर्तने छापली होती. या चाचणीत कापडाचा तुकडा ठरावीक दाबाखाली लोकरीच्या कापडावर घासत ठेवतात आणि धागे तुटेपर्यंत मोजतात. रोज बसण्याच्या घरगुती सोफ्याला 20 ते 25 हजार पुरेत, असे मी धरले आहे. लाखाचा आकडा सांगून जास्त पैसे मागणाऱ्याकडून काही विशेष मिळत नाही. आमच्या घरात कापड झिजण्याआधी डागांनी खराब होते. ओल्या पांढऱ्या रुमालाने वीसदा घासल्यावर रंग उतरला नाही. हेच घेतले. रुंदी चौपन्न इंच, बारा मीटर.

28 एप्रिल 2024, कुर्ला

कारखाना पाहिला आणि तिथेच मागणी लिहून दिली. सुकलेल्या लाकडात ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे छोटे यंत्र मी मित्राकडून नेले होते. अंगणात ठेवलेल्या साल वृक्षाच्या लाकडी पट्ट्यांवर आकडा 19 टक्के आला, आत रचलेल्यांवर 12. ओल्या पट्ट्यांचा सांगाडा आज घट्ट बसतो, पण घरात पंखा आणि वातानुकूलनाखाली लाकूड आक्रसले की सांधे सैल होतात. आतला गठ्ठाच वापरायचा, असे ठरले.

सबंध सांगाडा सागवानाचा करण्याचा माझा हट्ट मालकांनी सोडवला, आणि त्यांचे म्हणणे मला पटले. सागवानाची कीर्ती त्याच्या गाभ्याची आहे. झाडाच्या सालीलगतचा पांढरट भाग सागवानाचा असला तरी त्याला भुंगा लागतो, आणि आज बाजारात लहान वयाच्या सागाच्या पट्ट्यांत हा पांढरा भाग बराच असतो. ‘सागवान’ या शब्दाला पैसे देऊन पांढरी पट्टी घेण्यापेक्षा दुसऱ्या कठीण लाकडाचा निव्वळ गाभा बरा.

त्यांच्याकडे पाडलेल्या जुन्या चाळींतून आलेले वाशे होते. हे सागवान कित्येक दशके छपराखाली सुकलेले असल्याने आता फारसे हलत नाही. त्यातले खिळे काढावे लागतात आणि खिळ्याचे भोक सांध्यावर येणार नाही असे तुकडे पाडावे लागतात, म्हणून मजुरी जास्त पडते. आम्ही ते फक्त चार पाय आणि पुढची-मागची लांब पट्टी यांसाठी घेतले. आडव्या पट्ट्या सालाच्या. साल जड आणि टणक आहे, वाळवीला त्याचा गाभा दाद देत नाही, पण खिळा मारला की तो चिरतो. त्यामुळे आधी भोक पाडून स्क्रू लावण्याचे लिहून घेतले. हातांच्या बाजूंना अठरा मिलिमीटरचे, पाण्याला टिकणारे बीडब्ल्यूआर दर्जाचे प्लायवूड.

रबरवूडचाही पर्याय होता. केरळात चीक देणे संपलेल्या झाडांचे हे लाकूड रंधायला सोपे आणि सरळ धाग्याचे असते, आणि कोरड्या घरात त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याला स्वतःचे संरक्षण जवळजवळ नसते, म्हणून दाबाखाली बोरॉनची प्रक्रिया केलेलेच घ्यावे लागते. ती केली आहे की नाही हे मला पाहून ओळखता येणार नाही, म्हणून ते सोडले.

कागदावर लिहिले ते असे: पुढची पट्टी चार इंच रुंद, सव्वा इंच जाड, उभी बसवलेली आणि मध्ये पाचवा पाय; पायाशी पट्टीचे सांधे खाच आणि जीभ करून डिंकाने; चारही कोपऱ्यांत आतून तिरका ठोकळा, डिंक आणि स्क्रूसह; बैठकीखाली रुंद इलास्टिक पट्टे, आडवे-उभे विणून. झिगझॅग स्प्रिंग मी नाकारली, कारण आमच्याकडच्या हवेत तिच्या टोकाच्या पकडी गंजल्याचे मी नातेवाइकांच्या सोफ्यात पाहिले आहे. बैठकीला चाळीस डेन्सिटीचा एचआर, म्हणजे जास्त उसळी देणारा फोम, पाठीला बत्तीसचा साधा. एकूण 46 हजार रुपये, कापड वेगळे.

11 मे 2024, कुर्ला

सांगाडा नागडा पाहिला. एका कोपऱ्याखाली दोन इंचांचा ठोकळा ठेवून समोरच्या कोपऱ्यावर जोर दिला. पीळ पडला नाही, आवाज आला नाही.

फोमच्या बाबतीत मात्र वाद झाला. गादीचे माप 56 गुणिले 53 गुणिले 12.5 सेंटिमीटर, म्हणजे 37.1 लिटर; चाळीसने वजन 1,484 ग्रॅम भरायला हवे होते. काट्यावर 1,195 आले. भागाकार 32. मालकांना स्वतःलाच हे नवे होते, कारण फोम कापून देणारा तिसराच माणूस होता. त्यांनी माझ्यासमोर त्याला फोन केला आणि मी स्वतः अधिकृत विक्रेत्याकडून फोम आणून द्यावा, त्याचे पैसे मागणीतून वजा करावेत, असे ठरले. मी स्लीपवेलचा घेतला आणि बिलावर डेन्सिटी व प्रकार लिहून घेतला.

वजन वाढवण्यासाठी फोममध्ये खडूसारखी पूड मिसळण्याचाही प्रकार चालतो, तेव्हा नुसत्या वजनावर थांबू नये. कापलेली कड अंगठ्याने जोरात चोळली तर भरणा केलेल्या फोमची पूड बोटाला लागते, आणि तो ओढल्यावर लवकर फाटतो. जुन्या फोमचे तुकडे चिकटवून केलेला रीबाँडेड फोमही वजनात भारी असतो, पण तो रंगीबेरंगी ठिपक्यांवरून लगेच ओळखू येतो. बैठकीला तो दगडासारखा लागतो.

एचआर खरा आहे का, यासाठी मी एक सोपी चाचणी केली. बेअरिंगची पोलादी गोळी पन्नास सेंटिमीटरवरून फोमवर सोडली आणि मागे उभ्या धरलेल्या पट्टीवर ती किती उसळते ते मोबाइलवर चित्रित केले. साध्या बत्तीसच्या फोमवर ती वीसच्या आसपास आली, नव्यावर एकोणतीसपर्यंत. एचआरचा उपयोग बाबांना होणार आहे. बसताना तो सुरुवातीला मऊ लागतो, पण भार वाढला की जास्त प्रतिकार करतो. त्यामुळे माणूस तळाला टेकत नाही आणि उठताना बैठक त्याला वर ढकलते.

19 मे 2024

सोफा आला. लिफ्टमध्ये मावला नाही, तीन मजले जिन्याने चढवावा लागला. जुन्या पाइनच्या सोफ्याहून तो जवळजवळ दीडपट जड आहे. गाद्यांचे वजन 1,460, 1,455 आणि 1,470 ग्रॅम, म्हणजे 39 ते 40. फोमवर रेक्रॉनचा थर, त्यावर मांजरपाटाची खोळ आणि मग चेन असलेले आवरण, असे ठरल्याप्रमाणे आहे. खोळ असल्यामुळे आवरण धुण्यासाठी काढताना फोम ओरबाडत नाही.

रिकाम्या बैठकीची उंची साडेएकोणीस इंच ठेवून घेतली होती. नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत थोडा सैलावतो, हे धरून अर्धा इंच जास्त.

21 जुलै 2024

दोन महिने आणि अर्धा पावसाळा झाला. मधली गादी सर्वांत जास्त वापरात आहे. तिची मध्यावरची जाडी साडेबारावरून 12.2 सेंटिमीटर झाली आहे, कडेच्या दोन्हींची 12.3. बैठकीची उंची सव्वाएकोणीस इंच. 8 जुलैच्या मुसळधार पावसानंतर उत्तरेच्या भिंतीला ओल आली, म्हणून सोफा भिंतीपासून चार इंच पुढे ओढला आहे. मागच्या कापडावर बुरशी नाही. विजेरीने तळ पाहिला. कुठेही पूड नाही. सालाच्या एका आडव्या पट्टीवर ओलाव्याचा आकडा 15 आला, म्हणजे लाकडाने पावसाळा प्यायला आहे. तो आकडा डिसेंबरात पुन्हा घ्यायचा आहे आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या ठोकळ्यांचे स्क्रू एकदा आवळून पाहायचे आहेत.

बाबा आता हात न टेकता उठतात.